बेसनाचे लाडू: तुपाचा निर्णय कढईत नाही, परातीत

बेसनाचा लाडू फसतो तो साधारण दोन प्रकारे. बेसन कच्चं राहिलं तर लाडू तोंडात गेल्याबरोबर टाळ्याला चिकटतो आणि जिभेने खरवडत बसावं लागतं. तूप जास्त झालं तर रात्री गोल वळलेला लाडू सकाळी डब्यात पेढ्यासारखा बसलेला असतो, आणि खाल्ल्यावर हात पुसायला फडकं शोधावं लागतं. नवख्या माणसाला या दोन वेगळ्या चुका वाटतात. पण बऱ्याचदा त्या एकाच क्षणी होतात. भाजायला घेतल्यावर आठ-दहा मिनिटांनी कढईतलं पीठ जड, कोरडं आणि गोळ्यागोळ्यांचं दिसायला लागतं. आपण घाबरतो, वरून दोन डाव तूप ओततो. पीठ लगेच सैल आणि चकचकीत होतं, मग झालं असं वाटून आपण गॅस बंद करतो. तूपही जादा आणि बेसनही कच्चं.

माझी पहिली खेप अशीच गेली. 500 ग्रॅम बेसनात मी 320 ग्रॅम तूप रिचवलं होतं. ते कसं सावरलं ते शेवटी सांगतो. तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "अरे, बेसनाला तूप पाजायचं नसतं, त्याने प्यायलेलं सोडेपर्यंत थांबायचं असतं." खालची पद्धत त्या एका वाक्यावरच उभी आहे.

माप आणि तयारी

पहिल्यांदा करताना अर्धा किलो बेसन घ्या. यापेक्षा कमी घेतलं तर कढईत पातळ थर होऊन पटकन करपतं, आणि जास्त घेतलं तर नवख्या हाताला ढवळणं झेपत नाही. 500 ग्रॅम बेसनाला 250 ग्रॅम साजूक तूप आणि 400 ग्रॅम पिठीसाखर, हे माझं माप. गोड बेताचं हवं असेल तर साखर 350 पर्यंत खाली आणा. शक्य असेल तर हे सगळं वजनावर मोजा. वाटीत दाबून भरलेलं बेसन आणि चाळून सैल भरलेलं बेसन यांच्यात बराच फरक पडतो, आणि तोच फरक पुढे "माप तर तेच होतं, मग लाडू का बसले" म्हणून डोकं खातो.

बेसन रवाळ हवं. दुकानात लाडू बेसन म्हणून मिळतं ते चालेल, किंवा चणाडाळ गिरणीतून जरा जाडसर दळून आणा. भज्यांचं बारीक बेसन घेतलं तरी लाडू होतात, पण ते तोंडात चिकट लागतात आणि भाजताना डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. कुठलंही पीठ असो, गुठळ्या मोडण्यापुरतं एकदा चाळून घ्या.

पिठीसाखर घरी दळलेली असेल तर उत्तम. विकतच्या पिठीसाखरेत कधीकधी गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नफ्लोअर घातलेलं असतं, आणि ते लाडवात पिठूळ लागतं. पुडीवर वाचून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 250 ग्रॅम तुपातलं 200 ग्रॅम कढईसाठी घ्या आणि 50 ग्रॅम वेगळ्या वाटीत काढून ती वाटी गॅसपासून लांब ठेवा. अगदी लांब, हात पोचणार नाही अशी. भाजताना त्या वाटीकडे बघायचंही नाही.

भाजणं

जाड बुडाची कढई घ्या. तूप वितळलं की सगळं बेसन एकदम घाला आणि गॅस मंद करा. मंद म्हणजे खरोखर मंद. अर्धा किलोला 35 ते 40 मिनिटं लागतात. वीस मिनिटांत झालं तर ते बाहेरून भाजलेलं आणि आतून कच्चं असणार, कारण रवाळ पिठाच्या कणाच्या आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. आच वाढवून तो वेळ वाचत नाही, फक्त बुडाशी लागलेलं पीठ काळवंडतं. हातात कालथा हवा. डावाने बुडाशी चिकटलेलं पीठ नीट खरवडलं जात नाही.

सुरुवातीला बेसन तूप पिऊन टाकतं. ओल्या वाळूसारखं दिसतं, मग त्याचे गोळे होतात आणि कालथा फिरवताना मनगट भरून येतं. इथेच ती घाबरण्याची वेळ येते. हे कोरडेपण तूप कमी पडल्यामुळे आलेलं नाही. पिठात अजून पाण्याचा अंश आहे, आणि तूपही पुरतं तापलेलं नाही म्हणून दाट आहे. दाबून गोळे मोडत राहा, तळ आणि कडा खरवडत राहा, आणि ती वाटी आहे तिथेच राहू द्या.

पंधरा-सतरा मिनिटांनी बदल जाणवायला लागतो, तोही आधी हाताला. कालथा हलका फिरायला लागतो. पिठातला पाण्याचा अंश वाफ होऊन निघून गेलेला असतो, तूप गरम होऊन पातळ झालेलं असतं, त्यामुळे मघाचा घट्ट गोळा आपोआप सैल पडतो. आणखी थोड्या वेळाने मिश्रण कालथ्यावरून एकसंध घसरायला लागतं आणि कढईच्या कडेला तुपाची बारीक चकाकी दिसते. यालाच तूप सुटणं म्हणतात. तुपाचा एक थेंबही न वाढवता हे घडतं, आणि एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही.

तूप सुटलं म्हणजे बेसन झालं, असं मात्र नाही. इथे अनेक जण थांबतात. तूप सुटल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, आणि खमंगपणा सगळा त्यातच येतो. पाण्याचा अंश असेपर्यंत पिठाचं तापमान फारसं चढत नाही; तो गेला की पिठातली प्रथिनं आणि शर्करा भाजल्या जाऊन रंग आणि वास तयार व्हायला लागतात.

वास ओळखायचा कसा

"खमंग वास सुटेपर्यंत भाजा" हे वाक्य प्रत्येक पाककृतीत असतं आणि नवख्या माणसाच्या काही उपयोगाचं नसतं, कारण तो वास कसा असतो हे त्याला माहीतच नसतं. म्हणून क्रमाने सांगतो.

पहिल्या दहा मिनिटांत कच्च्या डाळीचा उग्र वास येतो, पिठलं शिजायच्या आधी येतो तसा. मग मधे काही मिनिटं जवळजवळ फक्त तुपाचा वास असतो. त्यानंतर फुटाण्यांचा वास येतो. भट्टीतून नुकतेच काढलेले गरम चणे आठवा, अगदी तोच. हा टप्पा फसवा आहे, कारण वास छान असतो आणि हात दुखत असतात. पण इथे थांबलात तर लाडू चवीला फुटाण्याच्या पिठासारखा होईल. आणखी भाजत राहिलं की फुटाण्यांच्या वासात भाजलेल्या दाण्यांचा किंवा बदामांचा गोडूस वास मिसळतो. ते झालं की आपलं काम झालं. त्याच्या पुढे कॉफीसारखा कडवट वास यायला लागला तर मात्र हद्द ओलांडली, आणि तिथून परतीची वाट नाही. करपलेलं बेसन साखरेने झाकत नाही.

अडचण अशी की अर्धा तास कढईवर वाकून उभं राहिलेलं नाक थकतं. त्याला काहीच कळेनासं होतं. तीसेक मिनिटं झाली की घरातल्या कुणाच्या तरी हातात कालथा द्या आणि अर्धा मिनिट गॅलरीत जाऊन या. परत आत येताना जो पहिला वास येईल तो खरा. घरात कुणी नसेल तर गॅस बंद करून, पीठ आणखी दोनदा परतून मग जा. चालू गॅसवर बेसन सोडून जायचं नाही.

नाकाच्या जोडीला डोळे आणि जीभही वापरा. सुरुवातीलाच चिमूटभर कच्चं बेसन पांढऱ्या ताटलीत काढून ठेवा. भाजलेल्यातलं थोडं त्याच्या शेजारी ठेवून बघितलं की रंगातला फरक लगेच कळतो. कढईत, त्यातही पिवळ्या दिव्याखाली, रंग कळत नाही. आपल्याला गव्हाळ सोनेरी, किंचित तांबूसकडे झुकणारा रंग हवा. मग ताटलीतली तीच चिमूट निवली की तोंडात टाका. कच्चं असेल तर टाळ्याला चिकटतं आणि मागे तुरट, हिरवट चव राहते. झालेलं असेल तर जिभेवर मोकळं होऊन विरघळतं.

दुधाचा हबका

रंग आणि वास जमले की गॅस मंदच ठेवून दोन मोठे चमचे दूध किंवा पाणी हाताने सगळीकडे शिंपडा. हात जरा लांब ठेवा, कारण गरम तुपावर ते जोरात चरचरतं आणि मिश्रण फेसाळून वर येतं. फेस खाली बसून चरचर पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे तीन-चार मिनिटं परता. शिंपडलेल्या पाण्याने पिठाचे कण फुगतात, काही एकमेकांना धरतात, आणि लाडू दाणेदार होतो. बारीक बेसन वापरलं असेल तर हा हबका टाळू नकाच. रवाळ बेसन असेल तर नाही मारला तरी चालतं. दुधाने चव जरा मऊ येते, पण लाडू दोन-तीन आठवडे ठेवायचे असतील तर मी पाणीच घेतो. दोन्हींत अट एकच, ओल राहता कामा नये. ती राहिली तर साखर घातल्यावर मिश्रण चिकट होतं आणि लाडू लवकर खराब होतात.

आता गॅस बंद करा आणि सगळं लगेच परातीत काढा. जाड कढई बराच वेळ तापलेली राहते आणि तेवढ्यात बुडाचं बेसन एक छटा पुढे जातं.

निवणं, साखर आणि मळणं

परातीतलं गरम मिश्रण सैलसर, वाहतं दिसेल. हे बघून तूप जास्त झालं असं ठरवू नका. गरम तूप पातळ असतं म्हणून मिश्रण तसं दिसतं. कढईत कोरडं वाटलं तेव्हा तूप घालायचं नव्हतं, तसंच आता सैल वाटलं म्हणून बेसन वाढवायचं नाही. मधूनमधून हलवत ते निवू द्या. साधारण तासभर लागतो, पंखा लावला तर थोडा कमी. बोट आत खुपसून पाच सेकंद आरामात ठेवता आलं, ऊब जाणवली पण चटका बसला नाही, की साखर घालायला हरकत नाही.

गरम असतानाच साखर घातली तर ती वितळून पाणी सुटतं, असं सगळे सांगतात. खरं तर परातीतल्या उष्णतेला कोरडी साखर वितळत नाही. बेसनात उरलेल्या ओलाव्यात ती विरघळते आणि मिश्रण चिकट होतं. शिवाय तूप पातळ असल्यामुळे सगळं अधिकच सैल दिसतं आणि तुपाचा अंदाज चुकतो. कारण काहीही धरा, उपाय एकच, थांबा.

साखर एकदम न घालता तीन वेळा विभागून घाला, वेलचीपूड त्याच वेळी. साखर ही कोरडी पूड आहे, ती तूप ओढून घेते. त्यामुळे आता मिश्रण पुन्हा भुरभुरीत दिसेल. दुसऱ्यांदा घाबरण्याची वेळ येते ती ही. वाटी अजून लांबच राहू द्या आणि तळहाताने मळायला लागा. पुरणाचा गोळा मळताना लावता तसा जोर लावा, पूर्ण सात-आठ मिनिटं. घर्षणाने आणि हाताच्या उबेने तूप सगळ्या कणांवर पसरतं, रंग एक छटा फिकट होतो आणि भुरभुरीत मिश्रण ओलसर मऊ लागायला लागतं. कधीकधी इथेच लाडू वळण्याजोगं होतं आणि वाटीतलं तूप जसंच्या तसं उरतं.

मूठ, तळहात आणि एक चाचणीचा लाडू

आता तुपाचा निर्णय. मूठभर मिश्रण घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेली मूठ अखंड राहिली आणि अंगठ्याने मधोमध दाबल्यावर दोन-तीन मोठे तुकडे झाले, तर तूप बरोबर आहे. रेतीसारखं सांडलं तर कमी आहे. दाबताना बोटांच्या फटीतून मऊ लगदा वर आला तर जास्त आहे. तळहातही बघा. त्यावर हलकी चमक असावी, पण बोट फिरवल्यावर तुपाचा ओघळ दिसता कामा नये.

मूठ सुटत असेल तर लगेच तूप घालू नका, कारण मिश्रण गार झाल्यानेही तसंच होतं. थंडीच्या दिवसांत तूप थिजलं की पुरेसं असूनही लाडू वळत नाही, चिरा पडतात. दोन्हींतला फरक ओळखायला तेच मूठभर मिश्रण दोन्ही तळहातांत धरून अर्धा मिनिट ऊब द्या आणि पुन्हा दाबा. आता वळलं तर तूप पुरेसं आहे, मिश्रण फक्त गार आहे. परात गरम पाण्याच्या पातेल्यावर दोन मिनिटं ठेवा, काम होईल. ऊब देऊनही सुटलं, तरच ती लांब ठेवलेली वाटी जवळ घ्या.

वाटीतलं तूप कोमट पातळ करून चहाच्या चमच्याने घाला. एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तूप मावतं. दोन चमचे घाला, दोन मिनिटं मळा, पुन्हा मूठ बघा. डावाने घालण्याचा मोह इथेच आवरायचा असतो, कारण तूप पसरायला वेळ लागतो आणि पहिल्या डावाचा परिणाम दिसायच्या आत दुसरा पडलेला असतो. रवाळ बेसनाला मला बहुतेक वेळा चार ते सहा चमचे लागतात. बारीक बेसन कधीकधी पूर्ण 50 ग्रॅम घेतं.

मूठ जमली की एकच लाडू वळा आणि स्टीलच्या ताटलीत पंधरा मिनिटं ठेवा. बाकीचं मिश्रण झाकून ठेवा. पंधरा मिनिटांनी लाडू उचला. बूड नाण्याएवढंच टेकलेलं असेल आणि ताटलीवर पुसट डाग असेल तर सगळे वळायला घ्या. बूड पसरलं असेल, भोवती तुपाचं कडं दिसत असेल, तर तूप जास्त आहे, आणि बाकीचे लाडू वळायच्या आधीच ते कळलेलं बरं. उन्हाळ्यात मात्र एक सवलत द्या. 35 अंशांच्या खोलीत साजूक तूप बहुतांश पातळच असतं, त्यामुळे बरोबर मापाचा लाडूही थोडा बसतो. त्या दिवसांत मी वाटीला हातच लावत नाही, आणि लाडू जरा कोरडे वाटले तरी चालवून घेतो.

या मापात 40 ग्रॅमचे सत्तावीस-अठ्ठावीस लाडू होतात.

तूप जास्त झालंच तर

सगळ्यात आधी सुचतो तो उपाय फ्रिज. मीही आधी तेच केलं. लाडू कडक झाले, मी खूश झालो, आणि ताटात वाढून पंधरा मिनिटं झाल्यावर ते पुन्हा बसले. गारव्याने तूप थिजतं, कमी होत नाही. मिल्क पावडर घालूनही मिश्रण आवळतं, पण मग तो बेसनाचा लाडू लागत नाही.

खरा उपाय म्हणजे बेसन वाढवणं, आणि किती वाढवायचं ते मोजून ठरवता येतं. माझ्या पहिल्या खेपेत 320 ग्रॅम तूप होतं. बेसनाच्या निम्मं तूप या हिशोबाने 320 ग्रॅम तुपाला 640 ग्रॅम बेसन हवं, म्हणजे 140 ग्रॅम कमी पडत होतं. तेवढं बेसन वेगळ्या कढईत कोरडंच, मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं सतत हलवत भाजलं. कोरडं भाजताना ते पटकन लागतं, म्हणून इथे कालथा क्षणभरही थांबवायचा नाही. ते कोमट करून मिश्रणात मळलं. बेसन वाढलं म्हणून साखरही वाढवावी लागली. 640 ला त्याच प्रमाणात 510 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वरून 110. मिश्रण मळून अर्धा तास झाकून ठेवलं, कारण नवीन बेसनाला तूप शोषायला वेळ लागतो, आणि मग मूठ बघितली. लाडू झाले, गोलही राहिले. फक्त ते पस्तीस झाले आणि घरात माणसं तीन होती.

आणखी एक. लाडू वळून झाले की लगेच डब्यात भरू नका. ताटात एकावर एक न ठेवता तीन-चार तास उघडे राहू द्या, म्हणजे तूप थिजून आकार पक्का होतो. कोमट असताना रचले तर खालचे वरच्यांच्या वजनाने चपटे होतात, आणि आपण मात्र उगाच तुपाला दोष देत बसतो.